घरच्या घरी मायक्रोमीटर कॅलिब्रेशन: नोंदीत नुसतं ‘ओके’ का चालत नाही?

भोसरी_क्यूसी
नमस्कार मंडळी. आमचं भोसरीत ग्राइंडिंगचं छोटं युनिट आहे. सेंटरलेसवर २० एमएमचे शाफ्ट काढतो, ड्रॉइंगवर माप १९.९७९ ते २०.०००. क्यूसीचं काम माझ्याकडे नुकतंच आलंय. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कॅलिब्रेशनवर एनसी पडली, म्हणजे त्रुटीची नोंद झाली. सगळे ०-२५ चे डिजिटल मायक्रोमीटर आम्ही दर सहा महिन्यांनी स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांवर, घरीच तपासतो. रजिस्टरमध्ये तारीख, गेज नंबर, ‘ओके’ आणि सही एवढंच असतं. ऑडिटर म्हणाला, ‘ओके म्हणजे किती?’ शिवाय कोणत्या स्लिपवर तपासलं, तिचं सर्टिफिकेट कुठाय, हेही विचारलं. कोणाकडे तयार फॉर्मॅट असेल तर कृपया द्या. उत्तर लवकर पाठवायचंय.

सही_शिक्का
फॉर्मॅटच्या भानगडीत पडूच नका. सगळे गेज एनएबीएल लॅबला पाठवा. ते स्टिकर लावून वर्षाची ड्यू डेट टाकून देतात, ऑडिटर गप्प. घरी करायचं तर २० डिग्रीची एसी रूम लागते, नाहीतर ते कॅलिब्रेशन धरतच नाहीत.

स्लिपगेज
सही_शिक्का, लॅबला पाठवायला हरकत नाही, पण बाकीच्या दोन्ही गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत.

ड्यू डेट ठरवणं लॅबचं काम नाही. लॅबसाठीच्या आयएसओ १७०२५ मध्ये सरळ लिहिलंय की ग्राहकाशी तसं ठरलं असल्याशिवाय सर्टिफिकेटवर किंवा स्टिकरवर पुढच्या कॅलिब्रेशनची शिफारस करायची नाही. लॅब वर्षाची तारीख टाकते कारण तुम्ही फॉर्म भरताना तसं मागता, किंवा न विचारता मान्य करता. गेज दिवसाला हजार वेळा फिरतो की कपाटात पडून असतो, हे लॅबला कुठून कळणार?

आता २० डिग्री. ते संदर्भाचं तापमान आहे, खरं. पण मायक्रोमीटर पोलादाचा, स्लिपही पोलादाची. दोन्ही एकाच तापमानाला असतील तर जवळजवळ सारख्याच वाढतात आणि फरक उरत नाही. त्रास होतो तो दोघांच्या तापमानात फरक असला की. २५ एमएमला ५ डिग्रीचा फरक धरला तर सुमारे दीड मायक्रॉन चूक येते. मशीनवरून गरम मायक्रोमीटर उचलून गार स्लिपवर लावला, किंवा स्लिप बराच वेळ बोटांत धरली, की झालंच. म्हणून दोन्ही एकाच सरफेस प्लेटवर दोन-तीन तास ठेवायचे, स्लिप चिमट्याने किंवा हातमोजे घालून उचलायची, मायक्रोमीटर स्टँडमध्ये धरायचा आणि तपासताना किती डिग्री होतं ते लिहायचं. तुमच्या मापाला एवढं पुरतं. तुम्ही स्लिप गेजच कॅलिब्रेट करायला निघालात, तर मात्र एसी रूम हवीच.

भोसरी_क्यूसी, फॉर्मॅटआधी एक सांगा. तपासणी नक्की कशी करता, आणि कोणत्या मापांवर?

भोसरी_क्यूसी
पुसून घेतो, झिरो करतो, मग ५, १० आणि २५ च्या स्लिपवर बघतो. एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे असेल तर ओके. जास्त आलं तर परत झिरो करून बघतो.

नाना_टूलरूम
‘परत झिरो करून बघतो’ इथेच गाडं अडलंय बाबा.

स्लिपगेज
नाना बरोबर बोलले. दोन वेगळे मुद्दे आहेत, एकेक घेतो.

पहिला मुद्दा मापांचा. तुमच्या मायक्रोमीटरच्या स्पिंडलच्या आट्यांचा पिच अर्धा एमएम. ५, १०, २५ ही सगळी मापं अर्ध्याच्या पटीत येतात, म्हणजे बोटांनी फिरवायचा थिंबल दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो. एका फेऱ्याच्या आत कुठे चूक असेल तर ती तुम्हाला जन्मात दिसणार नाही. म्हणून मायक्रोमीटरसाठी दहा स्लिपचा जो संच मिळतो त्याची मापं अशी विचित्र असतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८, २५. त्यात थिंबल पाच वेगवेगळ्या कोनांत थांबतो आणि पूर्ण लांबीही फिरून होते. त्यात तुमच्या कामाचं माप, म्हणजे २०.०००, स्वतःहून जोडा. रोजची झीज तिथेच होणार आहे.

दुसरा मुद्दा जास्त महागात पडणारा. गेज जसा शॉपवरून आला तसाच आधी तपासायचा. तोंडं पुसा, पण काहीही सेट करू नका. हे रीडिंग लिहून झालं की मग दुरुस्ती, मग परत सगळी रीडिंग. आधीचा रकाना वेगळा, नंतरचा वेगळा. तुम्ही आधी झिरो करता आणि जास्त आलं तर परत करता, म्हणजे गेज किती चुकत होता हा पुरावाच पुसून टाकता.

ऑडिटरला उत्तर द्यायच्या आत, आत्ता वापरात असलेला एक मायक्रोमीटर काही न करता या मापांवर तपासा आणि आकडे इथे टाका.

वेर्णेकरीण
मी गोव्यात फार्मा लॅबमध्ये आहे, आमच्याकडे मायक्रोमीटर नसतात, वजनकाटे आणि पीएच मीटर असतात. पण आधीचं आणि नंतरचं रीडिंग वेगळं, ही सवय आमच्याकडे अंगात भिनलेली आहे. अजून एक: रीडिंग कागदाच्या कपट्यावर घेऊन संध्याकाळी फॉर्ममध्ये उतरवू नका. थेट फॉर्मवर, पेनने. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. आमच्याकडे खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला की पुढचं कोणी वाचतच नाही. आकडे सगळे ‘०’ आणि ‘+१’ असले तरी संशय घेतात बरं का!

सोन्याचा_काटा
चांगली चर्चा. आमचं सराफी दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वजनमापेवाले येऊन शिक्का मारून जातात. तेच कॅलिब्रेशन समजायचं ना? की आम्हालाही हे दहा मापांचं करावं लागेल?

स्लिपगेज
नाही हो. तो शिक्का म्हणजे वैध मापनाची पडताळणी, ग्राहकाला माल विकताना लागणारी. काटा कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही एवढंच त्यातून कळतं. दुकानाला तेवढंच बंधनकारक आहे. इथला प्रश्न कारखान्याच्या मापाचा आहे.

भोसरी_क्यूसी
सर, केलं. सकाळी मशीनवरून आणला, स्लिपबरोबर प्लेटवर तीन तास ठेवला. खोलीत २९ डिग्री होतं. झिरो केला नाही. एरर मायक्रॉनमध्ये, उणे म्हणजे गेज कमी दाखवतो:

बंद स्थितीत ०
२.५ ला ०
५.१ ला −१
७.७ ला −१
१०.३ ला −१
१२.९ ला −२
१५.० ला −२
१७.६ ला −३
२०.००० ला −६
२०.२ ला −६
२२.८ ला −४
२५ ला −२

प्रत्येक ठिकाणी तीनदा घेतलं, एका मायक्रॉनच्या आत तेच येतंय. आमच्या प्रोसिजरमध्ये मर्यादा ±४ लिहिली आहे. जुन्या रजिस्टरप्रमाणे हा गेज ‘ओके’ आहे. कारण ५, १०, २५ वर तो खरंच ओके आहे. आता हात थरथरतायत.

नाना_टूलरूम
हा गेज वीसवर घासलाय. आयुष्यभर एकाच मापाला उघडझाप केली की आटे तिथेच झिजतात. रॅचेटचा दाब आला की स्पिंडल तेवढा मागे सरकतो, मग तोंड टेकवायला थिंबल जास्त फिरवावा लागतो आणि आकडा कमी येतो. बाजूची मापं चांगली, मधे खड्डा. त्याला झिरो करून काही होत नाही, तो गेज त्या कामाला संपला. पाच-दहा एमएमच्या कामाला द्या, स्टिकरवर ‘फक्त ० ते १५’ असं लिहून.

तोंडांची सपाटीही बघा, ऑप्टिकल फ्लॅट ठेवून. तोंडाला मधे खळगा पडला असेल तर सपाट स्लिप दोन्ही कडांवर टेकते आणि रीडिंग बरोबर दाखवते, आणि गोल शाफ्ट मात्र खळग्यात जातो. स्लिपवर पास आणि जॉबवर नापास, असला प्रकार मी पाहिलाय.

स्लिपगेज
आता घाबरण्यापेक्षा हिशेब करू. गेज वीसला ६ मायक्रॉन कमी दाखवतो, म्हणजे खरं माप = रीडिंग + ०.००६.

खालची मर्यादा १९.९७९. तिथे धोका नाही, कारण खरा शाफ्ट दाखवल्यापेक्षा मोठाच आहे. उलट थोडा चांगला माल तुम्ही लहान समजून फेकला असेल, ते नुकसान तुमचं. वरची मर्यादा २०.०००. रीडिंग १९.९९४ असेल तर खरं २०.०००, बरोबर मर्यादेवर. १९.९९५ ते २०.००० अशी रीडिंग असलेले शाफ्ट मात्र खरे २०.००१ ते २०.००६ आहेत. ते पास झाले आणि बहुधा गेलेही असतील. संशय फक्त याच पट्ट्यात आहे, सगळ्या मालावर नाही.

यात कॅलिब्रेशनची अनिश्चितता अजून धरलेली नाही. घरच्या पद्धतीत दीड-दोन मायक्रॉन ती असतेच. म्हणून मी पट्टा १९.९९३ पासून घेईन.

भोसरी_क्यूसी
कधीपासूनचा माल बघायचा? शेवटची तपासणी चार महिन्यांपूर्वीची आहे, तिथपासून?

स्लिपगेज
इथेच तुमच्या ‘ओके’ची किंमत कळते. नियम असा की, ज्या तपासणीत गेज बरोबर असल्याचा पुरावा आहे तिथपर्यंत मागे जायचं. चार महिन्यांपूर्वीच्या नोंदीत वीसचं रीडिंगच नाही, त्यामुळे ती पुरावा होत नाही. त्याआधी?

भोसरी_क्यूसी
त्याआधी दहा महिन्यांपूर्वी, तीच गत. त्याच्या मागे गेज नवीन घेताना लॅबचं सर्टिफिकेट आहे, सोळा महिन्यांपूर्वीचं. त्यात २०.२ ला −१ लिहिलंय.

स्लिपगेज
मग सोळा महिने. नोंदीत दहा आकडे असते तर कदाचित चारच महिन्यांचा माल चाळावा लागला असता.

तरी पट्टा लहान करता येतो. झीज हळूहळू होते, सहाचे सहा मायक्रॉन पहिल्याच दिवशी आले नसणार. पण ‘हळूहळू झालं असेल’ हे ग्राहकाला लिहून चालत नाही, आधार लागतो. मधल्या काळातला दुसरा काही आधार आहे का? ग्राहकाकडचा इनकमिंग रिपोर्ट, दुसऱ्या गेजने घेतलेली सेट-अपची नोंद, काहीही?

नाना_टूलरूम
सेंटरलेसवर व्हील झिजतं तसा जॉब मोठा होत जातो, मग ऑपरेटर कॉम्पेन्सेशन देतो आणि माप परत खाली येतं. म्हणजे तुझे वरच्या मर्यादेजवळचे जॉब दर वेळी कॉम्पेन्सेशनच्या जरा आधी निघालेत. मशीनवरच्या कागदात त्या वेळा लिहिलेल्या असतील तर लॉटमधले कोणते तुकडे काढायचे ते तिथेच कळेल. स्टॉकमधले तुकडे मोजायला दुसरा मायक्रोमीटर नको. २०.००० च्या स्लिपवर कम्पॅरेटरचा एक मायक्रॉनचा डायल झिरो कर आणि शाफ्ट खालून फिरव. तुलनेचं माप, आट्यांचा संबंधच नाही.

भोसरी_क्यूसी
नाना, कॉम्पेन्सेशनच्या नोंदी आहेत! आणि ग्राहकाकडून इनकमिंगचे रिपोर्ट मागवलेत. पण खरंच सगळं सांगायचं का त्यांना? मालक म्हणतात आधी स्टॉक बघ, मग ठरवू.

सही_शिक्का
मालकांचं बरोबर आहे. ६ मायक्रॉननी काय होतं? कोणाची तक्रार आलीय का? उगाच विंचवाच्या बिळात हात कशाला घालायचा.

स्लिपगेज
माल ऑटोमोटिव्हला जात असेल तर आयएटीएफ १६९४९ लागतं, आणि त्यात संशयित माल गेला असेल तर ग्राहकाला कळवणं लिहिलेलं आहे. गेज आला तेव्हाचं मर्यादेबाहेरचं रीडिंग, त्याच्या परिणामाचा अंदाज आणि आधीच्या मोजमापांचं काय, हे सगळं नोंदीत मागतात. सही_शिक्का, तक्रार आली नाही हे खरं, पण हा शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत असेल तर फिट घट्ट होईल, आणि ते असेंब्लीवर प्रेसच्या जोरात खपूनही जाईल. तक्रार वर्षाने येते. भोसरी_क्यूसी, आधी स्टॉक मोजा, पण त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त लावू नका.

सही_शिक्का
कागदावर सगळं छान असतं. दोन मशीनच्या युनिटला हे परवडतं का, ते पण सांगा कधीतरी.

भोसरी_क्यूसी
परवडतं की नाही ते मालक बघतील. फॉर्मॅट सांगा सर.

स्लिपगेज
एका पानात बसतो. वर गेजची ओळख: नंबर, मेक, सिरियल नंबर, रेंज, लीस्ट काउंट, कोणत्या मशीनवर असतो. त्याखाली मास्टरची ओळख: स्लिप संचाचा नंबर, ग्रेड, सर्टिफिकेट नंबर, त्याची तारीख आणि पुढची ड्यू. मास्टरची ड्यू उलटून गेली असेल तर खालचं सगळं रद्द, म्हणून ती त्याच पानावर हवी. मग तापमान, किती वेळ ठेवलं, प्रोसिजरची आवृत्ती. मग रीडिंगचा तक्ता: स्लिपचं माप, आधीचं रीडिंग, एरर, दुरुस्तीनंतरचं रीडिंग, एरर. तोंडांच्या सपाटीचा एक रकाना. मर्यादा आकड्यात लिहा, ‘स्पेकप्रमाणे’ नको. शेवटी निर्णय, केलेली दुरुस्ती, मर्यादेबाहेर असेल तर मालाच्या तपासणीचा संदर्भ नंबर, पुढची तारीख, आणि ती का तशी ठरवली ते एका ओळीत.

मर्यादेबद्दल एक. तुमचा ±४ हा आकडा जुन्या मानकातून आलाय. आयएसओ ३६११ च्या २०१० च्या आवृत्तीत तो उत्पादकाने किंवा वापरणाऱ्याने ठरवायचा असं आहे. शाफ्टचा टॉलरन्स २१ मायक्रॉन, त्याचा दहावा भाग दोन. डिजिटलला ±२ किंवा ±३ झेपतं. ±४ ठेवलं तर टॉलरन्सचा जवळजवळ पाचवा भाग गेजच खाईल.

मोजणीदार
इथे मी वेगळं म्हणेन. ±२ मर्यादा आणि दोनच मायक्रॉनची अनिश्चितता असेल तर पास म्हणायचं कशाच्या जोरावर? १ मायक्रॉनचा एररसुद्धा कदाचित बाहेर असेल. ±४ ठेवा, आणि पास फक्त ±२ च्या आत आला तर. परिणाम साधारण तोच, पण नियम लिहिलेला असतो.

स्लिपगेज
मान्य, तुमची पद्धत जास्त शुद्ध आहे. पण शॉपवर दोन वेगळ्या रेषा ठेवल्या की लोक सोयीची रेषा धरतात. मी एकच ठेवतो. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

मोजणीदार
नाही होणार. आणि झिरोबद्दलही नाही. डिजिटलला ऑपरेटर रोज शिफ्टला झिरो करतोच. मग झिरो न करता घेतलेलं ‘आधीचं रीडिंग’ हे प्रत्यक्ष वापराचं चित्रच नाही.

स्लिपगेज
तो मुद्दा बरोबर आहे. पण झिरो किती सरकला होता तेही लिहा की. बंद स्थितीचं रीडिंग आधी, मग झिरो, मग बाकीची मापं. रोज चार मायक्रॉन सरकत असेल तर तोही आजारच.

भोसरी_क्यूसी
ट्रेसेबिलिटीचं राहिलं. आमच्या स्लिपच्या पेटीबरोबर विक्रेत्याने दिलेला कागद आहे. त्यावर ‘एनपीएल ट्रेसेबल’ असं छापलंय. एवढं पुरतं का?

स्लिपगेज
नुसत्या त्या दोन शब्दांना काही अर्थ नाही. साखळी अशी असते: तुमचा मायक्रोमीटर तुमच्या स्लिपवर, तुमची स्लिप लॅबच्या स्लिपवर, लॅबची त्याच्या वरच्या मास्टरवर, आणि वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजेच एनपीएल, जिथे मीटर लेसरच्या तरंगलांबीवरून काढतात. प्रत्येक कडीला एक आकडा आणि त्याची अनिश्चितता लागते. तुमच्या कागदावर प्रत्येक स्लिपचं मोजलेलं माप आहे का? अनिश्चितता? मान्यतेचा नंबर? नसेल तर साखळी तिथेच तुटली.

पेटी एनएबीएल मान्य लॅबला पाठवा, पण आधी एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या लॅबचा स्कोप उघडून बघा. लॅब मान्य असते पण कधीकधी फक्त तापमानाला किंवा दाबाला, स्लिप गेजला नाही. पहिल्या ग्रेडच्या स्लिपला १० ते २५ एमएममध्ये ०.३ मायक्रॉनचीच मुभा असते. लॅबची अनिश्चितताच त्याहून मोठी असेल तर ते सर्टिफिकेट तुमच्या काय कामाचं?

भोसरी_क्यूसी
कळवतो. स्टॉक मोजला. संशयित पट्ट्यातल्या शाफ्टपैकी काही खरंच २०.००३ पर्यंत निघाले, ते बाजूला काढले. ग्राहकाच्या इनकमिंगमध्ये सात महिन्यांपूर्वीपर्यंतची मापं त्यांच्या गेजशी जुळतायत, त्यामुळे सोळा महिन्यांऐवजी सात महिन्यांचा माल पकडलाय. पत्र गेलं. मालक दोन दिवस बोलत नव्हते, मग स्वतःच दहा स्लिपचा संच मागवला.

अंतर असं ठरवलंय: वीसवर चालणारे मायक्रोमीटर तीन महिन्यांनी, बाकीचे सहा. शिवाय दर सोमवारी २०.००० च्या स्लिपवर एक रीडिंग घेऊन मशीनच्या कागदावर. बरोबर का?

स्लिपगेज
सोमवारचं रीडिंग सगळ्यात कामाचं. पुढच्या वेळी गेज मर्यादेबाहेर गेला तर एका आठवड्याचाच माल चाळावा लागेल. ती स्लिप मात्र मास्टरच्या पेटीतली नको, वेगळी घ्या, नाहीतर मास्टरच झिजेल. तीन-चार वेळचे एरर एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. वीसला दर वेळी अर्धा मायक्रॉन सरकत असेल तर तीन महिने ठेवा, हलतच नसेल तर वाढवा.

भोसरी_क्यूसी
शेवटचं. आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर आहे, पस्तीस वर्षांचा. यादीत नाही, स्टिकर नाही, पण सेट-अप त्यावरच करतात. तो पण घ्यावा लागेल?

मोजणीदार
घ्यावाच लागेल. कामगाराच्या मालकीच्या गेजचीही नोंद ठेवायची, असं आयएटीएफमध्ये स्पष्ट आहे.

नाना_टूलरूम
घे, पण हिसकावून घेऊ नकोस. त्यांना सांग, नवीन डिजिटल आणि तुमचा, दोन्ही एकाच पेटीवर तपासू, तुमच्यासमोर. त्यांचा चांगला निघाला तर त्यांच्या नावानेच नंबर दे. आणि आधीचं रीडिंग घ्यायच्या आत त्यांना झिरोची चावी हातात देऊ नकोस, जुनी खोडं असतात आमच्यासारखी.